आईंच्या डोळ्यांवरचं ऊन

बुधवारी डाळ कच्ची राहिली तेव्हा मी दोष डाळीला दिला. मंगळवारी राहिली तेव्हा वाण्याला दिला होता, त्याने जुना माल गळ्यात मारला म्हणून. आणि सोमवारी राहिली तेव्हा, खरं सांगते, सासूबाईंना दिला. त्या सकाळपासून गच्चीवर खुर्ची टाकून बसलेल्या, कुरकुर करत. त्यांच्या कुरकुरीने दूध नासेल, तिथे डाळ काय शिजणार, असं मी तोंडावर म्हणाले. त्यांनी नुसते डोळे पुसले. डोळे त्या हल्ली सारख्याच पुसायच्या, मी लक्ष दिलं नाही.

मी पाळणाघरात स्वयंपाक करते. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत अकरा मुलं, सगळी पाच वर्षांच्या आतली. पाळणाघर मोठ्या बाईंचं. त्या पूर्वी नर्स होत्या, अजूनही मुलाचं नाक पुसताना जखम धुतल्यासारखं पुसतात. मी आणि सासूबाई गच्चीवरच्या खोलीत राहतो. खोली कामाबरोबर मिळालेली, म्हणजे काम गेलं की खोलीही गेली. हे कुणी कागदावर लिहिलेलं नाही, पण मला पाठ आहे.

उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावर सिलेंडरने पेट घेतला आणि इमारतीच्या समितीने सगळ्यांचे गॅस बंद केले. लोकांनी विजेच्या शेगड्या आणल्या. आमच्या वायरिंगवर शेगडीत चहा होतो, अकरा मुलांचं जेवण ठेवलं की फ्यूज उडतो. तेव्हा मोठ्या बाईंनी सुताराकडून सूर्यचूल करून घेतली. भली मोठी लाकडी पेटी, भिंतींत भुसा ठासलेला, आत काळा पत्रा, वर दुहेरी काच, आणि काचेच्या मागच्या कडेला बिजागरीवर उभा राहणारा पेटीएवढाच आरसा. ऊन थेट काचेवर पडतं ते पडतंच, आरशावर आपटलेलं ऊनही खाली काचेवर येतं. आत चार काळे डबे, दोन भाताचे, दोन डाळीचे. हीच आमची चूल.

पहिले दोन महिने मी या चुलीची राणी होते. साडेनऊला डबे आत, साडेअकराला डाळ मऊ. भात तर त्याआधीच. ढवळायला नको, करपायची भीती नको. पाणी मात्र रोजच्यापेक्षा कमी घालायचं, कारण वाफ बाहेर जात नाही. मी फक्त अर्ध्या तासाने पेटी फिरवायची, आरशाची सावली अगदी सरळ पाठीमागे पडेल अशी. पालक बघायला यायचे. मी कमरेवर हात ठेवून समजावून सांगायची. दोन जणींनी फोटोही काढले.

त्याच दिवसांत एकदा वारा सुटला आणि आरसा धाडकन काचेवर पडला. वरची काच तडकली. सुताराने नवी बसवली, पण मी म्हटलं, हे रोजचं दुखणं नको. कोपऱ्यावरच्या वेल्डरला बोलावलं. म्हटलं, आरसा आहे असाच राहू दे, पण हलता कामा नये.

तो म्हणाला, "मावशी, पट्टीला लांब खाच ठेवतो, वरनं नट लावतो. वरखाली करता येईल."

"कशाला वरखाली? आत्ता मस्त शिजतंय ना? मग आत्ता आहे तिथेच पक्का कर. कायमचा."

"विचार करा."

"मी रोज शिजवते की तू?"

त्याने खांदे उडवले आणि दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या वेल्ड करून दिल्या. आरसा मागे रेललेला, आरामखुर्चीच्या पाठीसारखा. वादळ आलं असतं तरी हलला नसता. मी खूश.

मग ढगाळ महिने आले, तेव्हा पालक घरून डबे द्यायचे. आकाश मोकळं झालं आणि चूल परत सुरू केली तर डाळीला अडीच तास लागायला लागले. मग तीन. थंडी पडली तसं एक वाजला तरी दाणा बोटात टचटच करायचा. मी डाळ बदलली. रात्री भिजवून ठेवली. डब्यांना नवा काळा रंग दिला. काचेच्या कडेची फट पुट्टीने बुजवली. चूल सकाळी रिकामीच तापत ठेवली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं माझं अंगण रोज नव्या बाजूने वाकडं व्हायचं.

बुधवारी एका मुलाचं पोट दुखलं. त्याची आई डॉक्टर. तिने मोठ्या बाईंना फोन केला आणि मोठ्या बाई वर आल्या. त्या कधी वर येत नाहीत, त्यांना जिने चढवत नाहीत.

"शुक्रवारी डॉक्टरीणबाई येणार आहेत. एक वाजता," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मुलांच्याच ताटातलं खाऊन बघणार. नाही जमलं तर सोमवारपासून बाहेरून जेवणाची पाकिटं. पालकांचं ठरलंय."

"आणि मी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या चुलीकडे बघत होत्या. "तू आधी शिजवून दाखव," म्हणाल्या.

गुरुवारी मी आठपासून चुलीच्या मागे लागले. मोठ्या बाईंनी भट्टीत ठेवतात तसला गोल तापमापक दिला होता, तो आत डब्यांशेजारी ठेवला, काचेतून काटा दिसावा म्हणून. दहा वाजता काटा सत्तरावर. अकराला ऐंशीवर. मी झाकण उघडून डाळ बघितली. काटा पासष्टावर. मला माहीत होतं, एकदा उघडलं की पाव तास गेला. इतरांना मी हेच ओरडून सांगायची. पण माझा हात ऐकतो का? बारापर्यंत मी तीनदा उघडलं. एक वाजता भात बाहेरून चिकट, आतून तांदूळ, आणि डाळ होती तशीच, शपथ घेतल्यासारखी. मुलांनी केळी आणि पाव खाल्ला. एक पोरगी मला म्हणाली, "मावशी, सूर्य सुट्टीवर गेला का?"

"हो, तुझ्या मामाकडे गेलाय," मी म्हणाले, आणि वर येऊन डबे इतक्या जोरात आपटले की एकाला पोचा आला.

सासूबाई खुर्चीत होत्या. सकाळी गुडघ्यांना ऊन मिळावं म्हणून मीच त्यांना तिथे बसवते. चुलीच्या समोर तीन-चार पावलांवर भिंतीचा आडोसा आहे, वारा लागत नाही. त्या सूर्याकडे पाठ करून बसतात, म्हणजे तोंड चुलीकडे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याने फक्त अंधार-उजेड कळतो.

"अगं, तुझा तो आरसा," त्या म्हणाल्या.

"काय केलं आता आरशाने?"

"डोळ्यात मारतो. सकाळपासून."

"रोजचंच आहे तुमचं."

"रोजच मारतो म्हणून रोजच सांगते."

मी खुर्ची धरली आणि त्यांच्यासकट फरकन भिंतीकडे फिरवली. "आता नाही ना मारत? बसा भिंतीकडे बघत." मी असं केलं.

शुक्रवारी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं, म्हणजे ढगांवर ढकलायचीही सोय नव्हती. साडेआठला चूल उन्हात. साडेनऊला डबे आत. डाळ रात्रभर भिजलेली. मी ठरवलं होतं, झाकणाला हात लावायचा नाही. दर अर्ध्या तासाने पेटी फिरवली, सावली सरळ मागे. सगळं उन्हाळ्यात करायचे तसंच. सव्वाअकराला काटा ब्याऐंशीवर येऊन बसला, तो हलेना. मी काचेवर टिचकी मारली. मग मूठ मारली. मग मी त्या पेटीला जे काही बोलले ते पाळणाघराच्या वरती उभं राहून बोलण्यासारखं नव्हतं.

"अगं, परत मारतोय बघ डोळ्यात," सासूबाई मागून म्हणाल्या. सकाळी त्यांनी स्वतःच चाचपडत खुर्ची पुन्हा उन्हात वळवून घेतली होती, गुडघ्यांसाठी.

माझा तोल गेला. "कुठे मारतोय? काय मारतोय? माझी नोकरी चाललीये, डोक्यावरचं छप्पर चाललंय, आणि तुमचं आपलं डोळ्यात! उठा. उठा म्हणते ना. मी बसते तिथे. बघू दे मला काय मारतो तो."

त्यांना दंडाला धरून उठवलं, शेजारी उभं केलं, आणि मी धपकन त्यांच्या खुर्चीत बसले. मान वर केली.

समोर सूर्य होता. म्हणजे माझ्या पाठीमागे होता तोच, आरशातून सबंध माझ्या तोंडावर. डोळे गच्च मिटले तरी पापण्यांतून लाल लाल दिसत होतं. गालांना चटका बसत होता. मी चेहरा बाजूला घेतला आणि भिंतीकडे बघितलं. भिंतीवर आरशाएवढा उजेडाचा चौकोन पडला होता आणि त्याच्या मधोमध माझ्या डोक्याची सावली.

मी चुलीकडे बघितलं. काचेवर फक्त साधं ऊन होतं. आरशाचं ऊन काचेच्या वरून, काचेला न शिवता, सासूबाईंच्या खुर्चीत येत होतं.

उठून उभी राहिले तर माझी सावली समोर फरशीवर पडलेली. माझ्यापेक्षा थोडी लांबच. उन्हाळ्यात याच सुमारास ती माझ्या पायाशी गोळा व्हायची. सूर्य तेव्हा डोक्यावर असायचा, म्हणून मागे रेललेला आरसा ऊन बरोबर खाली काचेवर पाडायचा. आता सूर्य खाली उतरला, समोरून यायला लागला, आणि रेललेला आरसा तेच ऊन वर उडवून द्यायला लागला. आरसा उभा हवा होता. सकाळी तर थोडा पुढेच झुकलेला. पेटी डावी-उजवीकडे फिरवायचं मी एकदाही चुकवलं नव्हतं. सूर्य वर-खालीही सरकतो, एवढंच मी कायमचं वेल्ड करून टाकलं होतं.

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. मला आरसा असूनही दिसलं नाही. आणि जिला एकाच डोळ्याने दिसतं ती रोज सांगत होती.

रडायला वेळ नव्हता. अकरा वीस झाले होते. मी जिना उतरून वेल्डरकडे पळाले.

"पट्ट्या काप. आत्ताच्या आत्ता."

"कुठल्या पट्ट्या?" मग त्याला आठवलं. "तरी मी म्हटलं होतं, खाच ठेवू का."

"म्हटलं होतंस. मी मूर्ख आहे. चल."

"ग्राइंडर लावला तर तुमचा फ्यूज उडेल. आणि ठिणग्या काचेवर."

"मग हाताने काप!"

तो हॅक्सॉ घेऊन आला. डावी पट्टी त्याने कापली, उजवी मी, कारण मला उभं राहून बघवत नव्हतं. पेटी हलू नये म्हणून तो तिला गुडघ्याने दाबून धरत होता. पट्टी तुटली तेव्हा माझ्या अंगठ्याचं सालटं निघालं. आरसा मोकळा झाला. मी तो उचलून उभा केला, किंचित माझ्याकडे घेतला, आणि काचेवर धप्पदिशी उजेड आला. काळे डबे एकदम करडे दिसायला लागले.

"आता हा धरून कोण ठेवणार?" वेल्डर म्हणाला. "नवी पट्टी करायला मला तास लागेल."

"मी धरते," सासूबाई म्हणाल्या.

"आई, दीड तास आहे. हात गळून जातील."

"दोरी बांध. दोरी धरून बसेन. नाहीतरी बसूनच असते, तुझ्या मते."

मी कपडे वाळत घालायची दोरी सोडली. आरशाच्या वरच्या कडेला मागून एक बांधून ती पाण्याच्या टाकीच्या नळाला अडकवली, पुढे पडू नये म्हणून. पुढची दोरी आईंच्या हातात. त्यांची खुर्ची पेटीच्या बाजूला लावली, सावली पडणार नाही अशी. दुसरा हात त्यांनी काचेच्या वर धरला, वीतभर उंच.

"थांब," त्या म्हणाल्या. दोरी जरा ओढली. "आता. आता पोळतंय. इथेच."

मी बघितलं. उजेड काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत बरोबर बसला होता. मला बघून कळलं ते त्यांना तळव्याने कळलं होतं. दहा-दहा मिनिटांनी त्या हात फिरवायच्या, "सरकलं" म्हणायच्या, मी पेटी वळवायची, त्या दोरी सैल करायच्या. बारा वाजता काटा अठ्ठ्याण्णववर. साडेबाराला एकशे दहा. काचेच्या आतून पाण्याचे थेंब धरायला लागले. माझा हात झाकणाकडे गेला.

"हात काढ," आई म्हणाल्या. माझ्याकडे न बघता त्यांना कसं कळलं देव जाणे. मी हात काढला.

एक वाजता डॉक्टरीणबाई आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात गाडीची किल्ली. मागे जिना चढून लाल झालेल्या मोठ्या बाई. खालून मुलांचा गलका ऐकू येत होता. भुकेचा गलका वेगळा असतो, मला तो पाठ आहे.

"झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"अजून पाऊण तास."

"एकची वेळ दिली होती ना?"

"दिली होती. सव्वाअकरापर्यंत चूल चुकीची लावली होती. चूक माझी. मुलांना खाली एकेक केळं द्या. आता मात्र लागेल तेवढा वेळ लागेल."

"उघडून दाखवा, कुठवर आलंय ते."

"नाही," मी म्हणाले. "उघडलं तर पाव तास मागे जाईल. तुम्हाला थांबायचं नसेल तर तसं लिहून जा, मी कच्चं वाढणार नाही."

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. मी जन्मात कुणा डॉक्टरशी असं बोलले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बघितलं, कुणाला तरी फोन करून "दोनला येते" म्हणाल्या, आणि दुसरी खुर्ची नाही म्हणून उलट्या बादलीवर बसल्या. मोठ्या बाई केळी वाटायला खाली गेल्या.

आई दोरी धरून बसल्या होत्या. डॉक्टरीणबाई आधी आरशाकडे बघत होत्या, मग आईंकडे बघायला लागल्या. उठल्या. आईंच्या समोर वाकल्या.

"आजी, इकडे बघा जरा. डोळे का एवढे लाल? सुजलेत. पाणी येतंय?"

"धूळ गेली असेल," आई म्हणाल्या.

"धुळीचं नाही वाटत हे. किती दिवस आहे?"

"कालपासून. म्हातारीचे डोळे ते, चालायचंच."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा अगदी सरळ होता, दोरीवरचा हातही. मला वाटलं, गप्प बसावं. काम राहील, खोली राहील, आईंनीच झाकलंय तर झाकलेलं राहू दे. तेवढ्यात त्यांनी तळवा काचेवर धरला आणि "सरकलं गं" म्हणाल्या. मी पेटी वळवली. वळवताना माझ्या तोंडून निघून गेलं.

"धूळ नाही. आरसा आहे. महिनाभर रोज आरशाचं ऊन त्यांच्या डोळ्यात जात होतं. त्या रोज सांगत होत्या. मी ऐकलं नाही. काल तर खुर्ची उचलून भिंतीकडे फिरवली."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं ते मला अजून सोसत नाही.

"संध्याकाळी यांना माझ्या दवाखान्यात घेऊन या," त्या म्हणाल्या. "आणि आत्ता यांच्या डोळ्यांवर काहीतरी धरा." मी माझा रुमाल ओला करून आईंच्या डोळ्यांवर बांधला. त्यांनी दोरी सोडली नाही.

पावणेदोनला झाकण उघडलं. वाफेने माझा चष्मा भरला. डाळीचा दाणा बोटात घेतला तर तो घ्यायच्या आधीच मोडला. भाताचं शीत न् शीत सुटं. डॉक्टरीणबाईंनी उभ्यानेच वाटीभर खाल्लं, मीठ कमी आहे म्हणाल्या, आणि मोठ्या बाईंशी बोलायला खाली गेल्या. पाकिटं सोमवारी आली नाहीत. वेल्डरने खाच असलेल्या पट्ट्या बसवल्या. खाचेवर मी रंगाने खुणा केल्यात, महिन्यांच्या, आणि तरीही रोज सावली बघते.

पण ते नंतरचं. त्या दुपारी मुलांचे डबे खाली पाठवून मी आईंच्या पुढे ताट ठेवलं. त्यांच्या बोटांवर दोरीचे वळ उठले होते, घास धरता येईना. मी डाळ-भात कालवून घास त्यांच्या तोंडाशी नेला. रुमालाखालून त्यांना दिसत नव्हतं.

"शिजली का गं नीट?" त्यांनी विचारलं.

"खाऊन बघा."

त्यांनी घास खाल्ला. बराच वेळ चावला, चावायची गरज नव्हती तरी.

"आई," मी म्हणाले, "तुम्ही मला ओरडून का नाही सांगितलंत?"

"ओरडायला तू होतीस की," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.